बोट ठेवता येईल अशी तक्रार

आपल्या घरातली मुलगी कॉलेजची परीक्षा देते, निकाल लागतो आणि ज्या पेपरची तिला खात्री होती त्यातच ती नापास दिसते. मग घरात रडारड होते आणि कोणीतरी म्हणतं, "एक कडक अर्ज लिही, वरपर्यंत पाठव." आज याच अर्जाबद्दल बोलू या. तो कसा लिहिला तर टेबलावरून पुढे सरकतो आणि कसा लिहिला तर फायलीत पडून राहतो, हे एका खऱ्या अर्जावरून सांगते. मुलीचं, कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव मात्र सांगणार नाही.

आमच्या प्रभागातल्या एका गटाच्या सचिव ताई जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आल्या. बरोबर मुलगी होती, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. सगळे पेपर सुटले होते, एका अर्थशास्त्राच्या पेपरात ती अडकली होती. लेखी पेपर 80 गुणांचा, पास व्हायला 32 लागतात आणि तिला मिळाले होते 28. तिला बी.एड.ला जायचं होतं आणि प्रवेशाची कागदपत्रं 5 ऑगस्टपर्यंत द्यायची होती. पदवीचा निकाल पूर्ण नसेल तर ते वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. घरात स्थळांच्या गोष्टी आधीच सुरू झाल्या होत्या.

एक गोष्ट तिने फार शहाणपणाची केली होती. निकाल लागताच तिने उत्तरपत्रिकेच्या छायांकित प्रतीसाठी, म्हणजे झेरॉक्ससाठी, फी भरून अर्ज केला होता. ती प्रत 4 जुलैला तिच्या हातात आली. प्रत बघितली आणि तिचा संताप झाला. त्याच रात्री बसून तिने कुलसचिवांना, म्हणजे रजिस्ट्रार साहेबांना, अडीच पानांचं पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी टपालात टाकणारच होती, पण आई म्हणाली, "आधी ताईंना दाखवू."

ते पत्र तिच्या परवानगीने थोडक्यात वाचून दाखवते.

"महोदय, तुमच्या विद्यापीठाने माझ्यावर घोर अन्याय केला आहे. तुमचे परीक्षक झोपेत पेपर तपासतात की पैसे घेऊन मुलांना पास करतात हे देवालाच ठाऊक. मी रात्रंदिवस अभ्यास केला. माझ्या मैत्रिणीने माझ्याइतकंच लिहिलं तरी तिला चौथ्या प्रश्नाला 9 गुण आणि मला फक्त 5. माझी बेरीजसुद्धा चुकवली आहे आणि एक उत्तर तर बघितलंच नाही. शेतकऱ्याच्या मुलीने शिकू नये असं तुम्हाला वाटतं का? मला पास केलं नाही तर मी पेपरला बातमी देईन, उपोषणाला बसेन. माझं काही बरंवाईट झालं तर सर्वस्वी विद्यापीठ जबाबदार राहील."

शेवटचं वाक्य वाचलं आणि मी कागद बाजूला ठेवला. आधी तिच्याशी बोलले. "हे रागात लिहिलंस की खरंच मनात येतंय?" असं सरळ विचारलं. ती म्हणाली, "ताई, लिहिताना येत होतं. आता नाही." तरी तिच्या आईला मी सांगितलं की आठ-पंधरा दिवस तिला एकटीला ठेवू नका, तिच्याशी बोलत राहा. तुमच्या घरात असं काही ऐकू आलं तर अर्जाबिर्जाचं नंतर बघा. आधी त्या मुलीजवळ बसा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन नंबर आहे. तिथे मनावरच्या ताणाबद्दल फुकट बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं. तो लिहून ठेवा.

चहा झाला, ती शांत झाली. मग आम्ही ती झेरॉक्स उघडली.

आपल्या गटात मासिक बैठकीला काय होतं ते आठवा. एखादी बाई म्हणते, "माझ्या पासबुकात 200 कमी दिसतात." ती जर उठून म्हणाली की खजिनदार चोर आहे, तर त्या दिवशी बैठकीत भांडणच होतं. हिशोब तसाच राहतो. पण तिने पासबुक आणि वही शेजारी शेजारी ठेवली, बोट ठेवून सांगितलं की "मार्चच्या ओळीत इथे 500 आहेत, तिथे 300 उतरलेत", तर खजिनदार बाई स्वतःच म्हणते, अगं हो, चुकलं. दोन मिनिटांत दुरुस्ती होते. उत्तरपत्रिकेचंही असंच करायचं.

उत्तरपत्रिकेत गुण दोन ठिकाणी असतात. आतल्या पानांवर प्रत्येक उत्तराच्या शेजारी किंवा शेवटी परीक्षक गुण लिहितात. मग तेच गुण पहिल्या पानावरच्या चौकटीत प्रश्नवार उतरवतात आणि खाली बेरीज करतात. ती बेरीज पुढे गुणपत्रिकेत जाते. म्हणजे आत, पहिल्या पानावर आणि गुणपत्रिकेत, असे तीन मुक्काम झाले. एका मुक्कामावरून दुसऱ्याकडे जाताना चूक होऊ शकते. कधी कधी आतल्या एखाद्या उत्तराला गुणच दिलेला नसतो.

मी एक कोरा कागद घेतला आणि चार उभ्या रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात पान क्रमांक, तिसऱ्यात आतले गुण, चौथ्यात पहिल्या पानावरचे गुण, शेवटी शेरा. मुलीला म्हटलं, "मी वाचते, तू लिही. लिहिताना काही बोलायचं नाही." पेपरात पाच प्रश्न होते, प्रत्येकी 16 गुणांचे, आणि प्रत्येकात अ आणि ब असे आठ-आठ गुणांचे दोन भाग.

पहिल्या प्रश्नाला आत 4 आणि 3, पहिल्या पानावर 7. जुळलं. दुसऱ्याला आत 3 आणि 3, पुढे 6. जुळलं. तिसऱ्याच्या अ भागाला आत 4, पुढेही 4, पण ब भागाचा गुण कुठेच नाही. चौथ्याला आत 3 आणि 2, पुढे 5. पाचव्याला आत 5 आणि 3, पुढे 8.

आता पहिल्या पानावरची बेरीज करू. 7 आणि 6 तेरा, आणि 4 सतरा, आणि 5 बावीस, आणि 8 तीस. परीक्षकांनी लिहिलेली बेरीज 28. गुणपत्रिकेतही 28. म्हणजे दोन गुणांची बेरजेची चूक. कुणालाही दाखवा, तीस म्हणजे तीसच.

मग तिसऱ्या प्रश्नाचा ब भाग शोधला. तो तिने लिहिला होता, पण अ भागाला लागून नाही. वेळ पुरणार नाही म्हणून तिने आधी चौथा आणि पाचवा प्रश्न पूर्ण केला आणि मग पान 21 ते 23 वर तिसऱ्याचा ब भाग लिहिला. त्या तीन पानांवर लाल शाईचा एकही ठिपका नाही. टिक नाही, रेघ नाही, शून्यसुद्धा नाही. आधीच्या प्रत्येक उत्तरावर काही ना काही खूण होती. शून्य लिहिलेलं असतं तर परीक्षकांनी वाचून शून्य दिलं असं म्हणता आलं असतं. इथे काहीच नाही, म्हणजे ते उत्तर तपासायचं राहिलं असं दिसतं.

आपलीही एक बाजू इथे होती. अ भाग संपला तिथे "ब भाग पान 21 वर" असं तिने लिहिलं असतं तर कदाचित हे घडलंच नसतं. हे मी तिला सांगितलं. पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, कारण पान 21 वर "प्रश्न 3 ब" असं तिने ठळक लिहिलेलं होतं.

आता तिच्या पत्रातल्या गोष्टी आम्ही दोन ढिगांत टाकल्या. एका ढिगात डोळ्यांना दिसणाऱ्या, कागदावर बोट ठेवता येणाऱ्या. त्यात दोनच आल्या, बेरीज आणि न तपासलेलं उत्तर. दुसऱ्या ढिगात मतं. मैत्रिणीला 9 आणि मला 5, हे मत आहे. तिचं उत्तर खरंच तेवढं चांगलं असेलही, पण ते ठरवायला त्या विषयाचा दुसरा जाणकार लागतो. त्यासाठी पुनर्मूल्यांकनाचा वेगळा अर्ज असतो, त्याची वेगळी फी आणि वेगळी मुदत असते. कुलसचिवांच्या कार्यालयातला माणूस पत्र वाचून 5 चे 9 करू शकत नाही, तो अधिकार त्याला नसतो. पण 30 च्या जागी 28 झाले, एवढं तो मूळ उत्तरपत्रिका काढून पाच मिनिटांत ताडून पाहू शकतो.

हे दोन ढीग एका पत्रात मिसळले की काय होतं? वाचणारा म्हणतो, "ही गुण वाढवून मागते आहे, हिने पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरावा," आणि बेरजेची सरळ चूकसुद्धा त्याच उत्तरात वाहून जाते. म्हणून चौथ्या प्रश्नासाठी आम्ही पुनर्मूल्यांकनाचं परिपत्रक बघितलं. मुदतीला अजून तीन दिवस होते. तो अर्ज तिने वेगळा भरला. तुमच्यावर अशी वेळ आली तर पुनर्मूल्यांकनाने गुण कमी झाले तर काय होतं, हे आपापल्या विद्यापीठाच्या नियमात आधी वाचा. आणि तक्रार केली आहे म्हणून फॉर्मची मुदत थांबत नाही, हेही लक्षात ठेवा.

बाकी राहिलं ते आम्ही खोडलं. पण मुलीला प्रत्येक वाक्याचं कारण हवं होतं. ती म्हणाली, "ताई, यात खोटं काय आहे? राग तर खराच आहे." बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, "राग खरा आहे, पण तो माझ्यापाशी ठेव. साहेबांच्या टेबलावर पुरावा जाऊ दे."

"पैसे घेऊन पास करतात" हे वाक्य पहिलं खोडलं. त्याचा पुरावा आपल्याकडे नाही. वर, हे वाक्य राहिलं तर पत्र गैरप्रकाराच्या आरोपाचं होतं. मग त्याची चौकशी, खुलासे, समिती, आणि तुझी बेरीज त्या रांगेत मागे उभी. चूक का झाली हे आपण सांगायचंच नाही, चूक कुठे आहे एवढंच दाखवायचं.

"रात्रंदिवस अभ्यास केला" आणि "शेतकऱ्याची मुलगी" ही वाक्यंही गेली. ती खरी आहेत, पण त्यांनी 28 चे 30 होत नाहीत. तिच्या अडचणीतली एकच गोष्ट ठेवली, 5 ऑगस्टची तारीख, कारण त्या तारखेमुळे कार्यालयाला काम किती तातडीचं आहे ते कळतं.

बातमी आणि उपोषण खोडलं. पहिल्याच पत्रात धमकी दिली की समोरचा माणूस चूक बघायच्या आधी स्वतःला सांभाळायला लागतो. शेवटच्या वाक्याबद्दल तर आम्ही आधीच बोललो होतो.

आणि "मला पास करा" ही मागणी बदलली. हे तिला सगळ्यात जड गेलं. पण हिशोब बघा. बेरीज सुधारली तर 30 होतात. पास व्हायला 32 लागतात. म्हणजे नुसत्या बेरजेने ती पास होत नव्हतीच. राहिलेलं उत्तर 8 गुणांचं, त्याला 1 मिळेल की 6, हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून मागायचं एवढंच, की बेरीज दुरुस्त करा, राहिलेलं उत्तर तपासा आणि जे येईल त्याप्रमाणे गुणपत्रिका द्या. इतकी मागणी नाकारायला कोणालाही कारण सापडत नाही.

मग नवं पत्र तयार झालं ते असं.

प्रति,
मा. कुलसचिव,
(विद्यापीठाचे नाव व पत्ता)

मार्फत: मा. प्राचार्य, (महाविद्यालयाचे नाव)

दिनांक: 7 जुलै

विषय: तृतीय वर्ष बी.ए., सत्र 6, अर्थशास्त्र विषयाच्या उत्तरपत्रिकेतील बेरीज दुरुस्त करणे व न तपासलेले एक उत्तर तपासणे याबाबत.

संदर्भ: 1) दिनांक 16 जून रोजी जाहीर झालेला निकाल, आसन क्रमांक ......
2) दिनांक 4 जुलै रोजी मिळालेली उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत, अर्ज क्रमांक ......

महोदय,

मी वरील महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून वरील विषयात मला 80 पैकी 28 गुण मिळाल्याचे गुणपत्रिकेत नमूद आहे. छायांकित प्रत पाहिल्यानंतर खालील दोन बाबी आढळल्या.

1. पहिल्या पानावर प्रश्न 1 ते 5 साठी अनुक्रमे 7, 6, 4, 5 व 8 गुण लिहिलेले आहेत. त्यांची बेरीज 30 होते. पहिल्या पानावर व गुणपत्रिकेत बेरीज 28 लिहिली आहे.

2. प्रश्न 3 (ब) चे उत्तर मी पान 21 ते 23 वर प्रश्न क्रमांकासह लिहिले आहे. हा भाग 8 गुणांचा आहे. या पानांवर गुण किंवा तपासणीची कोणतीही खूण दिसत नाही आणि पहिल्या पानावर प्रश्न 3 समोर केवळ (अ) भागाचे 4 गुण आहेत.

तरी विनंती की,
(क) मूळ उत्तरपत्रिका पाहून बेरीज दुरुस्त करावी,
(ख) प्रश्न 3 (ब) चे उत्तर नियमाप्रमाणे तपासून घ्यावे,
(ग) त्यानुसार सुधारित निकाल व गुणपत्रिका मिळावी, आणि बदल होत नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे,
(घ) या तक्रारीचा निर्णय होईपर्यंत मूळ उत्तरपत्रिका जतन करावी.

बी.एड. प्रवेशासाठी कागदपत्रे सादर करण्याची अंतिम तारीख 5 ऑगस्ट आहे. त्यापूर्वी निर्णय मिळाल्यास माझे शैक्षणिक वर्ष वाचेल.

प्रश्न 4 बाबत मी पुनर्मूल्यांकनाचा स्वतंत्र अर्ज केला आहे. हा अर्ज केवळ वरील दोन बाबींपुरता आहे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, फोन)

सोबत: 1) गुणपत्रिकेची प्रत. 2) उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाची प्रत. 3) पान 11, 12 व 21 ते 23 च्या प्रती. 4) प्रश्नवार गुणांचा तक्ता. 5) प्रवेशाच्या वेळापत्रकाची प्रत.

प्रत माहितीसाठी: मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ.

अडीच पानांचं पत्र एका पानात बसलं. मुलगी म्हणाली, "ताई, हे किती कोरडं वाटतं." मी तिला म्हटलं, विषयाची ओळ पुन्हा वाच. आवक विभागातल्या क्लार्कने नुसती तेवढी ओळ वाचली तरी त्याला कळतं की कागद कोणत्या टेबलावर पाठवायचा. त्या टेबलावरच्या माणसाला साहेबांसाठी टिपणी लिहायची असते. तुझी दोन कलमं तो तशीच्या तशी उतरवू शकतो. पूर्वीच्या पत्रातून त्याला दोन ओळी शोधून काढाव्या लागल्या असत्या.

संचालकांना प्रत का दिली तेही सांगते. आपल्या राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत 2016 च्या कायद्याप्रमाणे परीक्षेचं काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक बघतात. कुलसचिवांकडे आलेलं पत्र शेवटी तिकडेच जातं. दोन्हीकडे एकाच दिवशी गेलं तर ते आठ दिवस वाचतात. मात्र एकाच मजकुराची पत्रं दहा ठिकाणी पाठवू नका. दहा कार्यालयं एकमेकांकडे कागद ढकलत बसतात.

(घ) ही मागणी छोटी वाटते, पण ती विसरू नका. उत्तरपत्रिका ठराविक काळच ठेवतात, नंतर नष्ट करतात. मूळ कागदच नाही राहिला तर ताडून बघायचं काय?

पत्र देताना दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्क्याशिवाय यायचं नाही. विद्यापीठ लांब असेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मूळ गुणपत्रिका किंवा मिळालेली मूळ छायांकित प्रत कधीही देऊ नका, तिची झेरॉक्स जोडा. आणि आपल्या प्रतीवर पेनाने गोल, बाण, खुणा करू नका. खुणा करायच्याच असतील तर जादा झेरॉक्सवर पेन्सिलने करा, नाहीतर लाल शाई कोणाची, हाच वाद सुरू होतो.

पंधरा दिवस काही उत्तर आलं नाही. 22 जुलैला तिने चार ओळींचं स्मरणपत्र दिलं. त्यात नवीन काहीच नव्हतं, फक्त आवक क्रमांक, पहिल्या पत्राची तारीख, 5 ऑगस्टची आठवण आणि पहिल्या पत्राची प्रत. तिच्या हाताला पुन्हा जुनी वाक्यं शिवशिवत होती. मी म्हटलं, दुसरं पत्र पहिल्यापेक्षा जास्त शांत हवं.

तेही वाया गेलं असतं तर पुढे काय, हे तुमच्या माहितीसाठी सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने शक्यतो 15 कामाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. तिचा निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. पण त्याच नियमांत लिहिलं आहे की नुसतं पुनर्मूल्यांकन करा किंवा गुण वाढवा असा अर्ज लोकपाल घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता दाखवावी लागते, किंवा भेदभावाचं नेमकं उदाहरण. म्हणजे बघा, "माझ्यावर अन्याय झाला" हे पत्र तिथे दारातच अडलं असतं. "पान 21 ते 23 तपासलेली दिसत नाहीत" हे पत्र आत जाऊ शकतं. पहिल्या दिवसापासून नेमकं लिहिलं की तोच कागद शेवटपर्यंत चालतो.

आणि छायांकित प्रतच मिळत नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली निकाल दिला आहे की विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात बघता येते आणि तिची प्रत घेता येते. अर्जाची फी 10 रुपये, प्रतीचे पैसे वेगळे, उत्तराची मुदत 30 दिवसांची. मात्र त्या निकालाने पेपर पुन्हा तपासून मिळत नाही, आणि उत्तरपत्रिका जतन करण्याचा काळ संपला असेल तर प्रतही मिळत नाही. 30 दिवस हा मोठा काळ आहे, म्हणून प्रवेशाची घाई असेल तेव्हा विद्यापीठाच्या नेहमीच्या फॉर्मनेच प्रत मागणं बरं.

आता त्या मुलीचं काय झालं? 28 जुलैला कॉलेजमधून फोन आला. बेरीज 30 मान्य झाली होती. तिसऱ्याचा ब भाग तपासला, त्याला 8 पैकी 3 गुण मिळाले. एकूण 33. पास. सुधारित गुणपत्रिका घेऊन ती 3 ऑगस्टला बी.एड.च्या कॉलेजात गेली. चौथ्या प्रश्नाच्या पुनर्मूल्यांकनाचा निकाल नंतर आला, त्यात काहीच बदल झाला नाही.

ब भागाला 3 ऐवजी 1 मिळाला असता तर ती 31 वर अडकली असती, हे मी तिच्या आईला सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "तरी बरं झालं असतं ताई. पोरीने लिहिलेलं कुणीतरी वाचलं तरी असतं."

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरी अशी झेरॉक्स आली तर त्या रात्री पत्र लिहू नका. एक कोरा कागद घ्या, रेघा मारा आणि प्रश्नवार गुण उतरवा. लिहिता-वाचता येणारी गटातली एखादी शेजारीण सोबत बसवा, एकीने वाचायचं आणि दुसरीने लिहायचं, जसं आपण वर्षाअखेरीला वही जुळवतो. सगळं जुळलं तर बेरजेच्या चुकीची तक्रार नाही. मग हवं असेल तर मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरा. आणि जुळलं नाही तर त्या ओळीवर बोट ठेवा आणि तेवढंच लिहा.

येते मी. नमस्कार.